अष्टमीला या, पुनवेला नको

शाळेत किनारा-स्वच्छतेवर भाषण ठरलं की पहिली दोन मिनिटं ‘समुद्र आपली माता आहे’ यातच जातात. मुलं टाळ्या वाजवतात आणि सुट्टीत वेफर्सचं पाकीट वाळूतच टाकतात. वर्गातल्या मुलांना खरोखर किनाऱ्यावर न्यायचं असेल, तर भाषणात जागा, दिवस आणि काम सांगायला हवं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचंच उदाहरण घेऊ. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीत इथे अंडी घालायला येतात. ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने त्यांचं संरक्षण सुरू केलं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पिल्लू जेमतेम दोन बोटं रुंदीचं. त्याच्या वाटेत जाळ्याचा तुकडा आला तर त्यात पाय अडकून ते तिथेच राहतं आणि उजाडलं की कावळ्यांच्या तोंडी जातं.

इथल्या सातवीतल्या मुलीने असं बोलावं असं मला वाटतं: “पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाचं पाणी सगळ्यात वर येतं आणि तिथे कचऱ्याची एक ओळ सोडून जातं. पुढे भांग लागला की भरती तिथवर पोचत नाही, म्हणून अष्टमीच्या सुमारास ती ओळ कोरडी सापडते. आपण तेव्हा जायचं. पुढच्या उधाणापर्यंत थांबलो, तर तोच कचरा समुद्र परत घेऊन जाईल.”

कसं उचलायचं, हेही तिने सांगावं. फावडं, दाताळं आणायचं नाही. वाळूत घरटं असू शकतं. शिंपले आणि वाळलेलं शेवाळ तिथेच राहू द्यायचं, त्यावर खेकडे आणि किडे जगतात. थर्माकोल आधी वेचायचा, कारण तो चुरला की त्याचे दाणे हाताला लागत नाहीत. सुई किंवा फुटकी काच दिसली तर हात न लावता बाईंना हाक मारायची.

पुष्कळ मोहिमा फसतात त्या शेवटच्या टप्प्यावर. भरलेली पोती ‘उद्या नेऊ’ म्हणून वाळूतच राहतात आणि उधाण ती फोडून टाकतं. म्हणून टेम्पो कोणाचा आणि किती वाजता येणार, हे ठरल्याशिवाय मुलांना बोलावू नये.

पोती बांधण्याआधी कचऱ्याचे दोन ढीग करावेत. एकात दोर-जाळ्यांचे तुकडे, दुसऱ्यात पाकिटं, बाटल्या, चपला. पहिला ढीग मोठा निघाला तर बंदरावर जाऊन तांडेलांशी बोलायचं, होडीत फाटक्या जाळ्यासाठी एक गोणी ठेवा म्हणून. दुसरा मोठा निघाला तर गावातून समुद्राला मिळणाऱ्या वहाळाच्या कडेने चालत जायचं आणि कचरा कुठे पडतो ते शोधायचं.