चावडीवरच्या एकाच प्रतिसादाचा पत्ता

मराठी विकिपीडियाच्या ‘चावडी’वर चर्चा लांबत जाते. जुनवानीतून भिलाईच्या एखाद्या लेखाबद्दल कुणी मुद्दा मांडला आणि तो पुण्यातल्या सदस्याला दाखवायचा असेल, तर पानाचा दुवा पाठवून भागत नाही. समोरचा शोधतच बसतो. मथळ्याचा दुवाही कच्चाच, कारण कुणी मथळा बदलला की तो पानाच्या माथ्यावर नेऊन सोडतो.

त्याऐवजी प्रतिसादाच्या सहीजवळच्या वेळेवर टिचकी मारा. त्या एकाच प्रतिसादाचा दुवा मिळतो. त्याची शेपटी साधारण अशी असते:

```
#c-Sadasya-20240610120000-भिलाई
```

यात सदस्यनाव, वेळ आणि मथळा आहे. सहीत १७:३० दिसते, दुव्यात मात्र १२:००. दुव्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. चूक समजून ती सुधारू नका, दुवा तुटेल.

जुनी चर्चा संग्रहात हलवली, तरी ही खूण बहुधा टिकते आणि प्रतिसाद नव्या पानावर शोधता येतो. मजकूर मात्र नंतर बदलू शकतो. नेमके तेव्हाचे शब्द पुरावा म्हणून हवे असतील, तर पानाच्या इतिहासातून `oldid` असलेला दुवा घ्या.