आनंदाचे पाच दोष आणि आपला संकोच

गेल्या वर्षावासात प्रभादेवी येथील एका विहारात प्रस्तुत लेखकाची रविवारची व्याख्याने चालू होती. दुसऱ्या व्याख्यानात, राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदावर दोष ठेवून मगच त्याला सभेत प्रवेश मिळाला, असे मी ठामपणे सांगितले. मागच्या रांगेतील एक निवृत्त गिरणी कामगार उठले आणि नम्रपणे म्हणाले, "सर, चुल्लवग्गात हा क्रम असा नाही." ते बरोबर होते. उत्तरेकडील काही परंपरांतील क्रम मी पाली विनयाच्या नावावर खपवला होता. पुढचे काही दिवस मी विहाराची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जात असे. ज्या विषयाचे अध्यापन हीच आपली उपजीविका, त्यातच भर सभेत चूक व्हावी, हे मनातून जाईना.

पालीत या अवस्थेला 'कुक्कुच्च' म्हणतात. झाले त्याबद्दल आणि राहून गेले त्याबद्दल मागाहून होणारी ही तळमळ. तिची गणना पाच नीवरणांत आहे, सद्गुणांत नाही. सद्गुण आहेत ते हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे स्वतःविषयीची लज्जा आणि जननिंदेचे भय. पण त्यांचे काम कृतीपूर्वीचे आहे. ती दोन्ही माणसाला अडवतात. कृती होऊन गेल्यावर अडवायचे काही उरत नाही. तरीही आपण कुक्कुच्चालाच लज्जा समजतो आणि जितके अधिक जळू तितके अधिक प्रामाणिक ठरू, असे मानतो.

त्यावर विनयाने दिलेला मार्ग आपत्तिदेसनेचा आहे. भिक्षू उत्तरासंग एका खांद्यावर घेऊन, उकिडवा बसून, हात जोडून आपला दोष नाव घेऊन सांगतो. दुसरा विचारतो, दिसतो का तुला हा दोष? तो होय म्हणतो. पुढे संयम ठेव, एवढे सांगितले जाते आणि प्रकरण मिटते. यात दोषाचे नाव आहे, त्याचे दर्शन आहे आणि पुढचा संयम आहे. स्वतःला किती वाईट वाटले याचे वर्णन मात्र कोठेही नाही. आपण दिलगिरी व्यक्त करताना नेमके तेच वर्णन लांबवतो आणि ऐकणाऱ्यावर आपले सांत्वन करण्याचे ओझे टाकतो.

आता आनंदाचे उदाहरण पाहू. धम्माचे संगायन त्याच्याच मुखातून झाले, आणि त्यानंतर पाचशे स्थविरांच्या त्याच सभेत त्याच्यावर पाच दोष ठेवले गेले. क्षुद्र नियम कोणते हे त्याने भगवंतांना विचारले नव्हते. वर्षाशाटिका शिवताना तिच्यावर पाय दिला होता. स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी खटपट केली होती. इतर दोन आरोपही याच धर्तीचे होते. पहिल्याला त्याने कारण दिले ते स्मृती न राहिल्याचे. प्रव्रज्येच्या बाबतीत त्याने महापजापतीचे मातृऋण पुढे ठेवले. प्रत्येक वेळी तो म्हणाला, यात मला दुक्कट दिसत नाही, तथापि आपणांवरील श्रद्धेने मी ते देसित करतो. स्त्रियांची बाजू घेणे हा दोष मानण्यास आपणही तयार होणार नाही. आनंदानेही ते मनातून मानले नाही. कारण सांगूनही त्याने सभेचा मान राखला, आणि त्यासाठी स्वतःला नीच म्हणवून घेतले नाही. लगेच त्याच सभेत, कोसंबीला जाऊन छन्नाला ब्रह्मदंड सांगण्याचे अवघड काम त्याच्यावर सोपवले गेले. छन्न तापट आहे, एकट्याने कसे जाऊ, असे त्याने विचारले, तेव्हा बरोबर पुष्कळ भिक्षू घे, असे सांगण्यात आले. ज्याला दोष दिला त्यालाच काम दिले, याचा अर्थ सभेने विषय तेथेच संपवला होता.

अर्थात सगळ्याच कचेऱ्या राजगृहाच्या सभेसारख्या नसतात. चहाच्या वेळी जुनी चूक उकरून काढणारा सहकारी असतोच. विनयाला तोही ठाऊक होता. दुसऱ्या भिक्षूला घटकाभर तरी अस्वस्थता यावी म्हणून जाणूनबुजून त्याच्या मनात कुक्कुच्च उत्पन्न करणे हा सत्त्याहत्तरावा पाचित्तिय आहे. रीतसर मिटलेले प्रकरण पुन्हा उकरणे हा त्रेसष्टावा. म्हणजे देसना झाल्यावरही जो टोचतो, दोष त्याचा. मात्र देसनाच केली नसेल, तर हा आधार आपल्याला घेता येत नाही.

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो आणि विषयाला हात घालण्यापूर्वी तीन वाक्ये बोललो. मागील वेळी काय चुकीचे सांगितले, चुल्लवग्गात काय आहे, आणि यापुढे संदर्भ पाहूनच क्रम सांगेन. चूक ज्यांनी ऐकली त्या सर्वांसमोरच हे बोलणे आवश्यक होते. एकट्या त्या गृहस्थांना गाठून बोललो असतो तर ती पळवाट ठरली असती. कान तापलेले होते, आवाजही किंचित कापला. ती तापलेली जाणीव पुढे दोन-तीन रविवार येत राहिली. नीवरण एकदा ओळखले म्हणजे लगेच निघून जाते असे नाही. तथापि गल्ली टाळणे थांबले.

ते गृहस्थ आता पहिल्या रांगेत बसतात. चुल्लवग्गाची प्रत मी त्यांच्या हाती देतो आणि बोलताना मध्येच थांबून विचारतो, "पाहा बरे काका, बरोबर आहे का?"