रक्त घेतले केव्हा, कळले केव्हा?

श्रोतेहो, वैद्यकीय हलगर्जीच्या तक्रारीत कागदांचे गाठोडेच येते. ते छापील तारखांनी लावले, तर कालक्रम फसतो. समजा, रुग्णाचे रक्त सकाळी ६ वाजता घेतले. पोटॅशियम पाचापर्यंत असावे, ते ६.८ भरले. प्रयोगशाळेने ८ वाजता दूरध्वनी केला, ९.३० वाजता हृदय थांबले आणि अहवाल छापला गेला ११ वाजता. छापील वेळ धरली, तर धोका कुणास ठाऊकच नव्हता असे दिसेल! म्हणून प्रत्येक नोंदीपुढे घटना घडल्याची, ती कळल्याची व लिहिल्याची वेळ निरनिराळी मांडावी. दूरध्वनी बहुधा परिचारिकेच्या वहीत सापडतो. परंतु तेवढ्याने तो डॉक्टरांपर्यंत पोचला असे ठरत नाही. ‘आठला तपासले’ हे दुपारी लिहिलेले टिपण दुपारच्याच रकान्यात ठेवावे. मधला दीड तास कोरा निघाला, तर तो तर्काने भरू नये.