जाहिरातीचं वेळापत्रक झाडावर ठरतं

हापूसची जाहिरात कधी सुरू करायची, हे कॅलेंडर पाहून ठरवणारे दरवर्षी फसतात. समजा, देवगडच्या एका बागायतदाराला मुंबई-पुण्यातल्या घरांत थेट आंबा विकायचा आहे आणि प्रचाराला साठ हजार रुपये आहेत. त्याने आराखडा काढणीपासून उलटा मांडायला हवा. पहिली पेटी जाण्याच्या महिनाभर आधी मोहोराचे, कैरीचे व्हिडिओ टाकायचे. पंधरा दिवस आधी जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप करायचं. भाव आणि ‘ऑर्डर सुरू’ मात्र फळ हाताशी आल्याशिवाय सांगायचं नाही. या दोन पोस्टांसमोर तारीख लिहूच नये, ‘फळ तयार झाल्यावर’ एवढंच लिहावं. अवकाळी पाऊस झाला की हंगाम पुढे सरकतो आणि आगाऊ पैसे भरलेली मंडळी रोज फोन करतात.

पोस्ट बाहेर पडण्याआधी ती दोघांनी पाहावी. बाग सांभाळणाऱ्याने माल आणि तारीख तपासायची, हिशेब पाहणाऱ्याने भाव. शेवटचा होकार मालकाचा, तोही लेखी. त्यानंतर एक शब्द जरी बदलला, तरी पोस्ट पुन्हा फिरवायची. जुना भाव छापला जातो तो नेमका शेवटच्या घाईत. दाव्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर हवी. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यानेच मिरवायचं असतं. कार्बाइडने फळ पिकवायला तर कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ‘कार्बाइडमुक्त’ ही काही खास कर्तबगारी नव्हे!

पैशांची वाटणी अशी करता येईल: फोटो-व्हिडिओला दहा हजार, इन्स्टाग्राम-फेसबुकला पंचवीस, सोसायट्यांमधल्या स्टॉलला पंधरा. उरलेले दहा हजार पहिल्या आठवड्याचा निकाल हाती येईपर्यंत अजिबात मोडायचे नाहीत.

निकाल कळावा म्हणून प्रत्येक माध्यमाला वेगळा कोड द्यायचा, INSTA आणि STALL. धरून चालू, आठवड्यात ऑनलाइन जाहिरातीवर सात हजार गेले आणि वीस ऑर्डरी आल्या. म्हणजे एका ऑर्डरमागे साडेतीनशे. स्टॉलवर सहा हजारांत चाळीस आल्या, म्हणजे दीडशे. पॅकिंग, वाहतूक वजा जाता पेटीमागे तीनशे सुटत असतील, तर ऑनलाइनची पहिली पेटी पन्नास रुपये तोट्यात गेली. लाइक किती पडले, याचा इथे काडीचाही उपयोग नाही.

तरीही जाहिरात लगेच बंद करू नये. ऑनलाइन आलेलं गिऱ्हाईक दुसरी पेटी मागवतं का, हे दोन-तीन आठवडे पाहावं; मागवलीच, तर त्या पेटीला जाहिरातीचा खर्च नाही. शिवाय कोड अर्धंच सांगतो. मोबाइलवर जाहिरात पाहून स्टॉलवर आलेल्याची ऑर्डर स्टॉलच्या नावे जमा होते. म्हणून ऑर्डर घेताना ‘आमचं नाव पहिल्यांदा कुठे पाहिलंत?’ हे विचारा, उत्तर वहीत लिहा आणि मगच राखीव दहा हजारांना हात लावा.