दुसरं नाव, दुसरा माणूस

मराठी लेखकांची टोपणनावं एका रांगेत मांडून पाहिली की एक गंमत लक्षात येते. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा, कृष्णाजी केशव दामले. केशवकुमार म्हणजेही केशवाचाच मुलगा, पण हे प्रल्हाद केशव अत्रे. कुसुमाग्रज हे कुसुमचे थोरले भाऊ, तर गोविंदाग्रज हे गोविंदाचे. वडील, बहीण, धाकटा भाऊ असं सगळं घरच या नावांत आलेलं आहे. ज्याला खरोखर लपून राहायचं आहे, तो माणूस वडिलांचं नाव कपाळावर लावून फिरणार नाही. या मंडळींना लपायचं नव्हतंच.

टोपणनाव घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न ‘कोणतं?’ हा नसतो, ‘कशासाठी?’ हा असतो. आपल्याकडे बहुतेक नावं लेखनाचे कप्पे वेगळे ठेवण्यासाठी घेतली गेली. राम गणेश गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज या नावाने लिहिल्या, विनोद बाळकराम या नावाने आणि नाटकं स्वतःच्या नावाने. शिरवाडकरांची कविता कुसुमाग्रजांची, पण ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचं. कविता आरती प्रभूंची आणि कादंबरी चिं. त्र्यं. खानोलकरांची, हाही तोच प्रकार. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ झाले, तेव्हा घणाचे घाव कोण घालतंय हे साहित्यवर्तुळात फार काळ गुपित राहिलं नाही. अशा नावाचं काम वाचकाला सूचना देण्याचं असतं, की आता अमुक प्रकारचं काही वाचायला मिळणार. त्यात नाव कानाला गोड लागलं, लक्षात राहिलं आणि दुसऱ्या कुणी आधी घेतलेलं नसलं, की झालं.

लपण्यासाठी घेतलेलं नाव मात्र वेगळ्या जातीचं. मराठीतलं त्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विभावरी शिरूरकर. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या तरुण मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड मांडलेलं होतं की मोठा गदारोळ उठला. पुस्तकाची लेखिका होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली आणि तिथेच शिकवणारी ही तरुणी खऱ्या नावाने हे पुस्तक छापून पुण्यात शिक्षिका म्हणून निवांत राहिली असती, असं मला तरी वाटत नाही. नावाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘विभावरी’मध्ये बाळूताईचा मागमूस नाही, आद्याक्षरंसुद्धा जुळत नाहीत. ‘शिरूरकर’ हे गावावरून पडलेलं आडनाव आहे. ते कुणाचंही असू शकतं आणि त्यावरून जातीचाही पटकन अंदाज येत नाही. शिवाय ते खरं वाटतं. ‘निशिगंधा’ किंवा ‘एक अभागिनी’ असं काही छापलं असतं, तर टोपणनाव आहे हे पहिल्या पानावरच कळलं असतं आणि शोध तेव्हाच सुरू झाला असता. आडनावासकट आलेल्या साध्यासुध्या नावाबद्दल निदान सुरुवातीला कुणी विचारत नाही.

‘गाव अधिक कर’ ही सोय मराठी लेखकाला आयतीच मिळालेली आहे, पण तिच्यातला धोका त्या गावातच असतो. आजोळ, जन्मगाव, पहिल्या नोकरीचं गाव ही मनात सगळ्यात आधी येणारी नावं असतात आणि ओळखीच्या माणसांनाही तीच आधी सुचतात. आद्याक्षरांचंही तसंच. सु. म. जोशी नावाचा माणूस हमखास सुमंत नाहीतर सुमन होतो. लपायचं असेल तर आपल्याला चटकन सुचलेली पहिली चारपाच नावं बाजूला ठेवावीत. उरलेल्यांतून जे ठरेल ते इंटरनेटवर देवनागरीत आणि रोमन लिपीतही शोधून पाहावं, ग्रंथालयाच्या यादीत पाहावं. त्याच नावाची खरीखुरी व्यक्ती असेल आणि त्यातही ती लिहिणारी असेल, तर ते नाव सोडून द्यावं. आपल्या कथेवरून उठलेली ओरड तिच्या दारात जायला नको.

नाव चांगलं निवडलं तरी गुपित नावामुळे टिकत नाही. ते कुणाकुणाला माहीत आहे, यावर टिकतं. एप्रिल 2013 मध्ये इंग्लंडमध्ये ‘द कुकूज कॉलिंग’ ही रहस्यकथा आली. लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ, लष्करी पोलिसांतला निवृत्त माणूस. हे टोपणनाव आहे एवढं परिचयात सांगितलं होतं. कादंबरीचं कौतुक झालं, पण कापडी बांधणीच्या जेमतेम दीड हजार प्रती खपल्या. जुलैमध्ये ‘संडे टाइम्स’ने छापलं की हा निवृत्त सैनिक म्हणजे हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग, आणि पुस्तक रातोरात खपाच्या यादीत वर गेलं.

हे फुटलं कसं? रोलिंगबाईंचं काम पाहणाऱ्या वकिलांच्या कंपनीतल्या एका भागीदाराने ते पत्नीच्या मैत्रिणीला सांगितलं. खासगीत, विश्वासाने. मैत्रिणीने एका पत्रकाराला ट्विटरवरून कळवलं. पुढे कंपनीने माफी मागितली, वकिलाला एक हजार पौंडांचा दंड झाला. पण त्याने गुपित परत थोडंच येणार होतं! लेखिका सावध होती, प्रकाशक सावध होता आणि भोक पडलं ते तिसऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर.

एका निनावी संदेशावर वृत्तपत्र बातमी छापत नाही. त्यांनी पुरावे गोळा केले. पहिला पुरावा धंद्यातला होता. या नवख्या लेखकाचा एजंट रोलिंगचाच होता आणि तिची आधीची कादंबरी जिथून आली होती, तिथूनच ही आली होती. पदार्पण करणाऱ्या निवृत्त सैनिकाला एवढी मोठी माणसं लाभावीत, हे जरा जास्तच झालं. दुसरा पुरावा भाषेचा होता. पॅट्रिक जुओला या अमेरिकन संशोधकाने संगणकावर या कादंबरीची तुलना रोलिंग आणि आणखी तीन रहस्यकथालेखिकांच्या पुस्तकांशी केली. शब्द किती लांबीचे आहेत, सर्वांत जास्त वापरलेले शंभर शब्द कोणते, कोणते शब्द शेजारीशेजारी येतात, अक्षरांचे कोणते जुडगे पुन्हा पुन्हा दिसतात, अशा गोष्टी त्याने मोजल्या. त्यांत कथानकाचा काही संबंध नाही. यातून उत्तर ‘तीच’ असं आलं नाही, ‘ती असणं शक्य आहे’ एवढंच आलं. ते घेऊन वृत्तपत्राने थेट विचारलं आणि रोलिंगबाईंनी कबूल केलं.

आपण मजकूर बदलतो, पण मजकुराला जोडणारे बारीक शब्द आपोआप येतात, तिथे लेखक सापडतो. मराठीत हे ताडायला संगणक तरी कशाला हवा? कुणी ‘आणि’ लिहितो, कुणी ‘व’. कुणाचं प्रत्येक तिसरं वाक्य ‘मात्र’ने वळतं. कुणी ‘करायचं’ लिहितो, कुणी ‘करावयाचे’. कुणाला शब्दाच्या शेपटीला ‘च’ लावल्याशिवाय राहवत नाही. ज्या संपादकाने दहा वर्षं तुमची हस्तलिखितं तपासली आहेत, तो दोन पानांत ओळखतो. म्हणून दुसऱ्या नावाने लिहायचं तर पहिल्या नावाच्या लेखनातली चार पानं घेऊन आपल्या सवयी पेन्सिलने खुणावाव्यात आणि नव्या लेखनात निदान ढळढळीत सवयी तरी टाळाव्यात. सगळ्या टाळता येत नाहीत.

राहिला कागद. रिचर्ड बाखमन या नावाने 1977 पासून कादंबऱ्या येत होत्या. त्या स्टीफन किंगच्या आहेत हे 1985 मध्ये उघड झालं, ते वॉशिंग्टनमधल्या पुस्तकाच्या दुकानातल्या एका कर्मचाऱ्यामुळे. त्याला शैलीवरून संशय आला, त्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली कॉपीराइटची कागदपत्रं पाहिली आणि एका कादंबरीच्या नोंदीत किंगचं नाव मिळालं. आपल्याकडेही कॉपीराइटची सरकारी नोंदवही कुणालाही पाहता येते. पण कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी करावीच लागते असं नाही. लिहिलं की हक्क निर्माण होतो. लपायचं असेल तर ती नोंदणी टाळलेली बरी.

समजा, एका बँकेतल्या अधिकारी बाईंनी बँकेतल्याच एका गैरव्यवहारावर कथा लिहून दिवाळी अंकाला पाठवली. मानधनाचा धनादेश टोपणनावाने आला तर तो खात्यात जमा होणार नाही, म्हणजे खरं नाव आणि पॅन क्रमांक मासिकाला द्यावाच लागेल. म्हणून कथेबरोबर वेगळं पत्र द्यावं: कथेवर अमुक नाव छापावं, खरं नाव फक्त संपादक आणि हिशेबनीस यांच्याकडे असावं आणि लेखाखाली पत्ता व फोन छापू नये. हे शेवटचं सांगायचं विसरू नये. आपल्या कितीतरी अंकांत लेखाच्या शेवटी लेखकाचा भ्रमणध्वनी सवयीने छापला जातो. कथा स्वतःच्या कंप्युटरवर टाइप केली असेल तर फाइलच्या माहितीत ‘लेखक’ म्हणून आपलं खरं नाव पडलेलं असतं. पाठवण्याआधी ते पुसावं. पुस्तक निघणार असेल तर करार खऱ्या नावाने, सहीनिशी करावा. छापायचं नाव कोणतं आणि खरं नाव कुणालाही न सांगण्याची प्रकाशकाची जबाबदारी, ही दोन कलमं त्यात असावीत.

सरकारी नोकरांनी एक ध्यानात ठेवावं. सरकारच्या धोरणावर टीका करायला केंद्राच्या सेवा-वर्तणूक नियमांत मनाई आहे आणि लेखन स्वतःच्या नावाने, निनावी की टोपणनावाने, याने तिथे काहीही फरक पडत नाही. त्या नियमात टोपणनावाचा उल्लेखच आहे. लोकहितवादींचं ते युग गेलं.

शेवटचा मुद्दा वारसांचा, आणि हा लेखकांना बहुधा माहीतच नसतो. भारतात स्वतःच्या नावाने लिहिलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. टोपणनावाने छापलेल्या पुस्तकाची 60 वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजतात. तिसाव्या वर्षी पुस्तक छापून लेखक ऐंशीव्या वर्षी गेला, तर मुलांच्या हाती साठऐवजी दहाच वर्षं उरतात. मुदत संपण्याआधी खरी ओळख उघड झाली, तर पहिला नियम लागू होतो. पण ती उघड करण्याची रीत कायद्याने ठरवलेली आहे: लेखक आणि प्रकाशक दोघांनी जाहीरपणे सांगायचं, नाहीतर लेखकाने न्यायालयापुढे सिद्ध करायचं. कपाटात ठेवलेल्या बंद पाकिटावर विसंबू नका. ज्यांना मुलांसाठी हक्क ठेवायचा आहे, त्यांनी हयातीतच प्रकाशकाशी बोलून खुलाशाची तारीख ठरवून टाकावी.