लिफ्टच्या खड्ड्यातली स्प्रिंग किती दबते?

आमच्या इमारतीत लिफ्टची देखभाल चालू होती. तळमजल्याचं दार उघडं ठेवून मेकॅनिक खाली खड्ड्यात उतरला होता आणि केबिन वरच्या मजल्यावर अडकवून ठेवली होती. मी दारातून खाली डोकावलो. टॉर्चच्या उजेडात खड्ड्याच्या तळाशी दोन स्प्रिंगा उभ्या दिसल्या, अंगठ्याएवढ्या जाड सळीच्या. केबिन कधी थांबायच्या जागेखाली घसरलीच, तर तिला झेलायला त्या तिथे बसवलेल्या असतात. मेकॅनिकनं एका स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोट घालून गोल फिरवलं, टॉर्च जवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाला, "रंग शाबूत आहे. म्हणजे पुरती कधी दबलेली नाही."

त्याच्या त्या वाक्यात भौतिकशास्त्रातला एक नेमका प्रश्न दडलेला आहे. वेगानं येणारी जड वस्तू स्प्रिंगवर आदळली, तर स्प्रिंग जास्तीत जास्त किती दबेल? अकरावीच्या पुस्तकात केबिनच्या जागी ठोकळा असतो, पण प्रश्न तोच.

आधी स्प्रिंगचा स्वभाव पाहू. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७६ साली आपला शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल जाहीर केली. उकल चार शब्दांची होती: जेवढा ताण, तेवढा जोर. स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला जेवढं बल लागतं, त्याच्या दुप्पट बल दोन सेंटिमीटरला लागतं आणि तिप्पट तीन सेंटिमीटरला. एक मीटर दाबायला किती बल लागेल, या हिशेबानं येणाऱ्या आकड्याला स्प्रिंग स्थिरांक म्हणतात आणि तो k या अक्षरानं लिहितात. k मोठा म्हणजे स्प्रिंग ताठ.

आता गुळगुळीत फरशीवरून २ किलोचा ठोकळा सेकंदाला ३ मीटर वेगानं सरकत येतो आहे असं समजा. समोर भिंतीला एक आडवी स्प्रिंग लावली आहे. तिचा k आहे मीटरला ८०० न्यूटन, म्हणजे दर सेंटिमीटरला ८ न्यूटन. ती किती दबेल?

इथे बहुतेकांचं पहिलं पाऊल चुकतं. ठोकळ्याचं बल किती, हे ते शोधू लागतात, म्हणजे मग त्या बलाला k नं भागता येईल. पण सरकत येणाऱ्या ठोकळ्याजवळ बल नसतंच. त्याच्याजवळ वेग असतो, आणि त्या वेगामुळे आलेली गतिज ऊर्जा असते. बल उभं राहतं ते स्प्रिंगला टेकल्यानंतर, आणि तेही सारखं बदलत जातं: टेकताना शून्य, एक सेंटिमीटरला ८ न्यूटन, दोन सेंटिमीटरला १६. बदलत्या बलाच्या मागे धावण्यापेक्षा ऊर्जेचा हिशेब मांडणं सोपं.

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निम्मी गुणिले वेगाचा वर्ग. इथे १ गुणिले ९, म्हणजे ९ ज्यूल. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जाही अशीच काढता येते. दाबताना बल शून्यापासून kx पर्यंत एकसारखं वाढत जातं, म्हणून सरासरी बल त्याच्या निम्मं. या सरासरीला अंतर x नं गुणलं की झालेलं कार्य मिळतं, आणि तीच स्प्रिंगमधली स्थितिज ऊर्जा. सूत्रातला तो अर्धा आला कुठून, हे अनेक विद्यार्थ्यांना कधीच कळत नाही. तो या सरासरीतून येतो.

ठोकळा क्षणभर थांबतो तेव्हा त्याची सगळी गतिज ऊर्जा स्प्रिंगमध्ये गेलेली असते:

½mv² = ½kx²

आपले आकडे घातले तर ९ = ४०० × x². म्हणून x² = ०.०२२५ आणि x = ०.१५ मीटर. स्प्रिंग १५ सेंटिमीटर दबली. त्या क्षणी तिचं बल ८०० × ०.१५, म्हणजे १२० न्यूटन. साधारण १२ किलोचं वजन हातावर पेलताना जाणवतो, तेवढा हा जोर.

थांबलेल्या ठोकळ्यावर बल कसलं, असं इथे मनात येतं. पण वेग शून्य असतो त्याच क्षणी बल सर्वांत जास्त असतं, म्हणून तर ठोकळा लगेच उलटा फेकला जातो. थांबणं आणि तोल साधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे लिफ्टमध्ये हाच फरक महत्त्वाचा ठरणार आहे.

त्या समीकरणाकडे आणखी थोडं पाहण्यासारखं आहे. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, पण स्प्रिंग दुप्पटच दबते, कारण तिची ऊर्जाही दबण्याच्या वर्गानं वाढते. स्प्रिंग चौपट ताठ घेतली तर ती निम्मीच दबेल, साडेसात सेंटिमीटर. मात्र तेव्हा बल २४० न्यूटन होईल, म्हणजे आधीच्या दुप्पट. स्प्रिंग जेवढी ताठ तेवढी जागा कमी लागते, आणि तेवढाच हिसका मोठा बसतो. झेलायला पोलादाची कांब न ठेवता स्प्रिंग ठेवतात ती म्हणूनच.

आता खड्ड्याकडे परत येऊ. माणसांसकट केबिन १,००० किलोची आहे, दोराचा आधार नाही, आणि ती सेकंदाला १ मीटर वेगानं स्प्रिंगांवर टेकते असं धरू. दोन्ही स्प्रिंगांचा मिळून k आहे मीटरला २ लाख न्यूटन, म्हणजे सेंटिमीटरला २,००० न्यूटन. हे आकडे मी हिशेबाला सोयीचे घेतले आहेत. प्रत्यक्षात दोर शाबूत असेल तर दुसऱ्या टोकाचं काउंटरवेट बराचसा भार उचलतं. आपण त्याहून कठीण प्रसंग घेतला आहे.

केबिनची गतिज ऊर्जा ५०० ज्यूल. फरशीवरचीच रीत लावली तर उत्तर येतं सुमारे ७ सेंटिमीटर, आणि ते चूक आहे. फरशीवर ठोकळ्याचं वजन फरशी पेलत होती. इथे स्प्रिंग दबत असताना केबिन खालीच जाते आहे आणि गुरुत्वाकर्षण तिला ऊर्जा देतच राहतं. प्रत्येक सेंटिमीटरला ९८ ज्यूल जास्तीचे.

दुसरी चूक याच्या उलट बाजूची. केबिनचं वजन ९,८०० न्यूटन आहे, त्याला २ लाखांनी भागलं की ४.९ सेंटिमीटर येतात. स्प्रिंगचं बल आणि वजन तिथे बरोबरीत येतात, म्हणून केबिन तिथे थांबेल असं वाटतं. केबिन हळूहळू टेकवली असती तर ती तिथेच विसावली असती. पण वेगानं येणारी केबिन ४.९ सेंटिमीटरवर थांबत नाही, उलट तिथे तिचा वेग सर्वांत जास्त असतो. कारण सुरुवातीला स्प्रिंगचं बल वजनाहून कमी असतं, त्यामुळे टेकल्यानंतरही केबिन वेग घेतच राहते. आपल्या आकड्यांत तो १ वरून सुमारे १.२२ मीटरपर्यंत चढतो. वेग उतरायला लागतो तो या तोलाच्या जागेनंतर.

बरोबर हिशेबात दोन्ही जमा आणि एक खर्च लिहावा लागतो:

½mv² + mgx = ½kx²

म्हणजे ५०० + ९,८००x = १,००,०००x². हे वर्गसमीकरण सोडवलं की x येतो ०.१३५ मीटर. पडताळा घेऊ. आधीचे ५०० ज्यूल आणि साडेतेरा सेंटिमीटर खाली जाताना मिळालेले १,३२३ ज्यूल मिळून १,८२३. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जाही तेवढीच भरते. तळाशी स्प्रिंगांचं बल २७,००० न्यूटन, म्हणजे केबिनच्या वजनाच्या पावणेतीनपट.

वेग शून्य धरला तरी हे समीकरण एक गंमत दाखवतं. केबिन स्प्रिंगला जेमतेम टेकलेली आहे आणि ती एकदम सोडली, तर स्प्रिंग ९.८ सेंटिमीटर दबते, म्हणजे तोलाच्या जागेच्या बरोबर दुप्पट. हे घरी करून पाहता येईल. स्प्रिंगच्या वजनकाट्यावर एक नारळ हातात धरूनच पारड्याला नुसता टेकवा आणि पटकन सोडून द्या. काटा नारळाच्या वजनावर थांबत नाही. तो पार पुढे, जवळपास दुप्पट आकड्याकडे झेपावतो, मागे येतो आणि हेलकावे खात मग खऱ्या वजनावर स्थिरावतो. घर्षण थोडी ऊर्जा खातं म्हणून पूर्ण दुप्पट दिसत नाही, इतकंच.

आता राहिली मर्यादा. हूकचा नियम वेटोळ्यांमध्ये फट आहे तोवरच चालतो. आपल्या स्प्रिंगांत सगळ्या फटी मिळून १२ सेंटिमीटरच जागा असती तर? साडेतेरा हवे होते, मिळाले बारा. १२ सेंटिमीटरला १,६७६ ज्यूल जमा झालेले असतात, आणि स्प्रिंग त्यातले १,४४० पोटात घेते. उरलेले २३६ ज्यूल केबिनजवळच राहतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.७ मीटर वेग. तेवढ्यात वेटोळी एकमेकांवर बसतात, स्प्रिंगची पोलादी नळी होते आणि तो उरलेला वेग जवळजवळ जागच्या जागी संपतो. खरा हिसका तेव्हाच बसतो. म्हणून किती दबेल हे आधी काढायचं आणि फट त्याहून ऐसपैस ठेवायची.

वेगवान लिफ्टना स्प्रिंग का पुरत नाही, हेही यातून कळतं. स्प्रिंगचं बल शेवटी कमाल होतं, पण सरासरी त्याच्या निम्मीच राहते, म्हणजे निम्मी ताकद वाया जाते. शिवाय घेतलेली ऊर्जा ती परत देते आणि केबिन वर उसळते. त्यामुळे साधारण सेकंदाला १ मीटरपर्यंतच्या लिफ्टखाली स्प्रिंग असते आणि त्याहून वेगवान लिफ्टखाली तेलाचे बफर. त्यांत बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं, बल जवळपास सारखं राहतं आणि ऊर्जा उष्णता होऊन संपते.

मेकॅनिक बोट फिरवून पाहत होता ते हेच. वेटोळी एकदा जरी एकमेकांवर आदळली, तर त्यांच्यामधला रंग खरवडून निघतो आणि पोलाद उघडं पडतं. त्याहून वाईट म्हणजे ताण सोसण्यापलीकडे गेला तर स्प्रिंग मूळ उंचीवर परत येत नाही. म्हणून त्यानं नंतर टेप लावून दोन्ही स्प्रिंगांची उंची मोजली. दोन्ही सारख्या भरल्या. त्यानं आकडा वहीत लिहिला, शिडी चढून वर आला आणि केबिन खाली सोडली.