शून्य भागिले शून्य आणि घातश्रेणी

(e^(−x²/2) − cos x) / x⁴ हा अपूर्णांक दिसायला साधा आहे. x शून्याकडे नेला की e^(−x²/2) आणि cos x दोन्ही १ कडे जातात, म्हणून अंश शून्य होतो. छेद तर शून्य होतोच. शून्य भागिले शून्य याला स्वतःचा काही अर्थ नाही. अंश आणि छेद यांपैकी कोण किती वेगाने शून्याकडे जातो, यावर सीमा ठरते, आणि तो वेग घातश्रेणीत उघड दिसतो.

शून्याजवळच्या दोन श्रेणी इथे पुरतात.

e^u = 1 + u + u²/2 + u³/6 + …

cos x = 1 − x²/2 + x⁴/24 − x⁶/720 + …

यांतली cos x ची श्रेणी, तशीच sin x चीही, केरळमधील संगमग्रामच्या माधवाच्या नावावर आहे. तो चौदाव्या शतकात होऊन गेला. त्याच्या परंपरेतल्या ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात लिहिलेल्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात या श्रेणींची उपपत्ती सापडते. युरोपात टेलरने श्रेणी काढण्याची सर्वसाधारण रीत प्रसिद्ध केली ती १७१५ मध्ये.

पहिली पायरी आदेशाची. e^(−x²/2) चे एकामागून एक अवकलज काढत बसण्याची गरज नाही. पहिल्या श्रेणीत u च्या जागी −x²/2 ठेवले की झाले. u² म्हणजे x⁴/4 आणि u³ म्हणजे −x⁶/8, म्हणून

e^(−x²/2) = 1 − x²/2 + x⁴/8 − x⁶/48 + …

आता एकाच घाताची पदे समोरासमोर ठेवून वजाबाकी करायची. १ मधून १ गेला. −x²/2 देखील दोन्हीकडे सारखाच असल्याने तोही गेला. पहिला फरक पडतो तो x⁴ पाशी: 1/8 − 1/24 = 1/12. त्यापुढे x⁶ चा सहगुणक −1/48 + 1/720, म्हणजे −7/360. अंशाला x⁴ ने भागले की उरते

1/12 − 7x²/360 + …

पहिले पद सोडून बाकी प्रत्येक पदात x² किंवा त्याहून मोठा घात आहे. अनंत पदे एकदम टाकून देणे धाडसाचे वाटेल, पण ते निर्धोक आहे. उरलेली पदे म्हणजे x² गुणिले एक अभिसारी घातश्रेणी, आणि अशी श्रेणी शून्याजवळ मर्यादित किमतीत राहते. म्हणून तो सगळा भाग शून्याकडे जातो आणि सीमा 1/12 येते. x = 0.1 घेऊन थेट आकडेमोड केली तर 0.083139 मिळतात, श्रेणीतल्या वरच्या दोन पदांची बेरीजही सहा दशांश स्थळांपर्यंत हीच आहे. लोपितालच्या नियमानेही हेच उत्तर येते, पण त्यासाठी अंश आणि छेदाचे चार वेळा अवकलन करावे लागते.

चूक बहुतेक वेळा श्रेणी कुठे थांबवायची इथे होते. दोन्ही श्रेणी x² पाशीच तोडल्या तर अंश शून्य दिसतो आणि सीमा शून्य असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तेव्हा उत्तर ठरवणारे पदच लिहिलेले नसते. छेदात x⁴ असेल तर अंशातील प्रत्येक श्रेणी निदान x⁴ पर्यंत न्यायला हवी. हे विसरू नये म्हणून शेवटी O(x⁶) लिहावे, म्हणजे ‘यापुढची पदे x⁶ च्या तोडीची किंवा त्याहून लहान’. वजाबाकीनंतर केवळ O उरला, तर श्रेणी आणखी लांबवायची, एवढाच त्याचा अर्थ.

छेद x³ sin x असता तरी फारसे बिघडत नाही. sin x = x(1 − x²/6 + …), म्हणून छेद x⁴(1 − x²/6 + …) होतो, कंसातला भाग १ कडे जातो आणि सीमा तीच राहते. गुणाकार किंवा भागाकारात sin x ऐवजी x घेणे चालते. वजाबाकीत मात्र ते घातक ठरते: (x − sin x)/x³ ची सीमा 1/6 आहे, पण sin x च्या जागी x लिहिला तर शून्य येते.

आदेशालाही एक अट आहे: आत ठेवलेली राशी स्वतः शून्याकडे गेली पाहिजे. e^(cos x) मध्ये cos x १ कडे जातो. तिथे u = cos x ठेवून थोड्याच पदांवर थांबता येत नाही, कारण u चे घात लहान होत जात नाहीत. आधी e · e^(cos x − 1) असे लिहून u = cos x − 1 घ्यावे.

संगणकावर x लहान करत सीमा पडताळताना वेगळीच अडचण येते. x = 0.0001 असता अंश सुमारे 8 × 10⁻¹⁸ असतो. नेहमीच्या १५-१६ अंकी अचूकतेत १ च्या आसपासच्या दोन संख्यांमधला एवढा फरक टिपताच येत नाही. त्यामुळे उत्तर शून्य किंवा भलतेच काही दिसते, आणि x आणखी लहान केल्याने ते सुधारत नाही. अशा वेळी श्रेणीतून आलेल्या 1/12 वरच भरवसा ठेवावा.

ही रीत चालण्यासाठी फलनाला शून्यापाशी घातश्रेणी असावी लागते. |x| ला ती नाही, कारण शून्यापाशी त्याचा अवकलजच नाही. Log x तर तिथे परिभाषितही नाही. e^(−1/x²) ला शून्यापाशी ० ही किंमत दिली तर त्याचे सर्व अवकलज तिथे शून्य येतात, म्हणून त्याच्या श्रेणीत शून्याखेरीज काहीच नसते, पण फलन स्वतः इतरत्र शून्य नसते. ते x च्या कोणत्याही घातापेक्षा वेगाने शून्याकडे जाते, हे श्रेणीतून नव्हे, तर t = 1/x² घेऊन e^t आणि t चे घात यांची तुलना करून दाखवावे लागते.